तीनशेपैकी शून्य

"आईच्या नव्या गोळीच्या चाचणीत ३०० जणांत यकृताचा गंभीर त्रास एकालाही नाही. तरी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, ते का?"

दादा, त्रास एकालाही झाला नसेल, तर खरा धोका जास्तीत जास्त किती असू शकतो याचा अंदाज घ्यायला ३ ला चाचणीतल्या रुग्णसंख्येने भागायचं. इथे ३/३००, म्हणजे १ टक्का. खरा धोका शंभरात एक असला, तरी ३०० जणांत शून्य दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उरते. हजारात एक असेल, तर ती तब्बल ७४ टक्के! रुग्णांची संख्या बहुधा गुण येतो का हे बघण्यापुरती ठरवलेली असते. क्वचित होणारा त्रास पकडायला ती पुरत नाही.

आता दुष्परिणामांच्या तक्त्याखालची बारीक ओळ वाचा. राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात गिऱ्हाईकं असले कागद आणतात, पण ही ओळ कुणी वाचत नाही. 'किमान ५ टक्के रुग्णांत आढळलेले त्रास' असं लिहिलं असेल, तर १४ जणांना झालेला त्रास त्या तक्त्यात येणारच नाही. गंभीर त्रासांचा तक्ता बहुतेकदा वेगळा असतो. तो शोधा, आणि त्रासामुळे किती जणांनी गोळी मधेच सोडली तेही बघा. तपासणी मात्र चुकवू नका.