वाडीचा ग्रुप सोडायचा आहे, पण ॲडमिन काकांचे मन दुखवायचे नाही

गुहागरची सून: आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर शुभेच्छा आणि फॉरवर्ड येत असतात. मला बाहेर पडायचे आहे, परंतु ॲडमिन माझे चुलत सासरे आहेत. न सांगता निघाले तर चालेल का?

परळचा चाकरमानी: अवश्य निघा. पूर्वी सर्वांसमोर सूचना यायची, ती २०२२ पासून बंद झाली. आता कोणालाही कळत नाही.

दापोलीकर: हे अर्धेच खरे आहे. सूचना इतर सदस्यांना जात नसली तरी ॲडमिनना जाते, आणि गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडले त्याची यादी ग्रुपच्या माहितीत कोणालाही पाहता येते. म्हणजे ज्या काकांचे मन राखायचे, त्यांनाच ही गोष्ट सर्वांत आधी आणि तीही फोनच्या सूचनेतून कळणार. म्हणून आधी त्यांना फोन करावा आणि स्वतःची अडचण तेवढी सांगावी. फॉरवर्ड कोण पाठवते, हा विषय काढूच नये. "काका, दिवसभराचे मेसेज वाचायला मला वेळ होत नाही, म्हणून मी ग्रुपमधून निघते. हे ग्रुपवर आहेतच, पालखी आपल्या घरी कधी येणार ते त्यांच्याकडून कळेल," एवढे पुरे. शिमग्याची वर्गणी मागितली गेली असेल, तर ती आधी भरा आणि काही दिवस जाऊ द्या; नाहीतर पैशांसाठी बाहेर पडल्या, असाच अर्थ लावला जाईल. ग्रुपवर निरोपाचा लांब मेसेज मात्र टाकू नका, कारण त्याखाली "काय झाले?" अशी विचारपूस सुरू होते आणि उत्तर ॲडमिनना द्यावे लागते.

राजापूरची आत्या: मला हे पटत नाही. वाडीत कोणी गेले तर हल्ली निरोप ग्रुपवरच येतो, आणि तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळला तर मयतीला न गेल्याचा बोल कायमचा लागतो. ग्रुप कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि रात्री एकदा पाहा.

दापोलीकर: आत्या, मयतीचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु रोज रात्री शंभर फॉरवर्डमधून तो एक निरोप शोधायचा, तर त्रास संपला कुठे? अशा वेळी घरी फोन करा, हेही काकांना त्याच बोलण्यात सांगता येते.

मालवणचा ॲडमिन: मी आमच्या ग्रुपचा एकटाच ॲडमिन आहे आणि मलाच बाहेर पडायचे आहे. मी कोणाला विचारायचे?

दापोलीकर: तुमचा प्रश्न वेगळा आहे. आधी एखाद्या जबाबदार माणसाला विचारून ॲडमिन करा, कारण तसे न करता निघालात तर ते पद आपोआप कोणा एका सदस्याकडे जाते.

गुहागरची सून: काकांनी मला पुन्हा ग्रुपमध्ये घेतले तर?

परळचा चाकरमानी: प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ग्रुपसाठी काकांचा नंबर वगळा. मग ते थेट ॲड करू शकणार नाहीत, फक्त आमंत्रण पाठवू शकतील.

राजापूरची आत्या: सासऱ्यांचाच नंबर वगळायचा? आमंत्रण पाठवायची वेळ आली की त्यांना ते कळणारच, आणि ग्रुप सोडल्यापेक्षा त्याचेच अधिक वाईट वाटेल.