मदत हवी आहे : ‘ब्रेकअप करूया का?’ ही गंमत की परीक्षा?

आमच्या नात्याला दोन वर्षं झाली. गेले काही महिने तो मध्येच गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "आपण थांबूया का आता?" मी गडबडले की हसतो, "अगं, गंमत केली!" पण हसण्याआधी दोन-तीन सेकंद तो माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत असतो. ते मला दिसतं.

मागच्या आठवड्यात माझ्यासमोर जुन्या मैत्रिणीचे फोटो लाइक करत बसला. मी गप्प राहिले, तर म्हणाला, "तुला काहीच फरक पडत नाही ना?" आणि रडले असते तर संशयी ठरले असते.

मी आठवून पाहिलं, तर हे बहुतेक वेळा मी कामात बुडालेली असते किंवा मैत्रिणींसोबत बाहेर जाऊन येते तेव्हाच होतं. म्हणजे सोडून जाईन ही भीती असावी. थेट "मला असुरक्षित वाटतंय" म्हणता येत नाही, म्हणून तो मला घाबरवून खात्री करून घेतो. पण ती खात्री दोन दिवससुद्धा टिकत नाही. दुसरी शंका अशी, की आता बाहेर जायचं म्हटलं की मीच कचरते. मग ही भीती आहे की मला ताब्यात ठेवणं?

शांत वेळ बघून सांगणार आहे, "ब्रेकअपची गंमत मला लागते, ती नको. भीती वाटली तर मला सरळ विचार." असं कुणी स्पष्ट बोललंय का? पुढे परीक्षा थांबल्या, की फक्त प्रकार बदलला?