प्रतिसाद: हसरा भोपळा

> हॅलोविनसाठी चेहरा कोरलेला भोपळा दोन दिवसांत बुरसला, आणि तीन वर्षांची लेक त्याच्या दातांना घाबरते. काय करू?

दात काढूच नका. गोल डोळे आणि वर वळलेलं तोंड पुरे. चेहरा लेकीलाच मार्करने काढू द्या, स्वतः काढलेल्याची भीती वाटत नाही. सुरी मात्र तुमच्याच हातात.

बुरशी धरते ती आतल्या ओल्या धाग्यांमुळे. बिया काढल्यावर चमच्याने भिंत खरवडा, चेहऱ्याच्या बाजूला साधारण इंचभर जाडी राहीपर्यंत, आणि आतून कोरडं पुसा. मेणबत्तीने गर शिजतो, म्हणून बॅटरीचा दिवा लावा. तरी घरातल्या उबेत कोरलेला भोपळा फार टिकत नाही. पार्टीच्या आदल्या संध्याकाळीच कोरा.

जवळ गेलं की किंचाळणारे सांगाडे दुकानातच राहू देत.