फ्रीलान्सरकडून लेबल करून घेताना आलेले अनुभव

धागालेखिका, साबणाचा छोटा ब्रँड
आमच्या नव्या लेबलसाठी मी डिझायनरला 'स्वच्छ, नैसर्गिक वाटेल असे करा' एवढेच सांगितले होते. पडद्यावर ते सुरेख दिसले, मी मंजुरी दिली आणि छापून आले तेव्हा गडद हिरव्यावरची पांढऱ्या अक्षरांतली घटकांची यादी बुजून गेली होती. लेबल होते 60 बाय 90 मिलिमीटरचे आणि मी ते पडद्यावर चौपट मोठे करून पाहत होते. आपण माणूस कसा निवडता, ब्रीफमध्ये काय लिहिता आणि काय तपासता, हे कृपया सविस्तर लिहावे.

छपाईपूर्व कामातला एक जण
गडद हिरवा तीन-चार शायांनी बनतो. त्यांतली एखादी केसभर सरकली, तरी त्यातून कोरलेल्या बारीक अक्षरांच्या रेघा भरून जातात. अशी अक्षरे जाड आणि मोठी ठेवावीत किंवा यादी फिकट पट्टीवर काळ्या अक्षरांत घ्यावी. फाइल मूळ मापात साध्या कागदावर छापून, कापून, खऱ्या वेष्टनावर चिकटवावी आणि ज्याने मजकूर आधी वाचलेला नाही अशा माणसाला ती मोठ्याने वाचायला सांगावी. अक्षरे अडली की तो अडखळतोच. मात्र शाई सरकण्याचा दोष या कागदावर दिसत नाही. त्यासाठी छापखान्याकडून नमुना मागवावा.

मसाल्यांचा व्यवसाय करणारे
माझ्या मते अमर्याद दुरुस्त्यांची अट घातली की हा प्रश्न सुटतो.

मजकूर लिहिणारी फ्रीलान्सर
तेवढ्याने सुटत नाही, असे माझा अनुभव सांगतो. एका कामात मालक, त्यांचे भागीदार आणि विक्री पाहणारे वेगवेगळ्या दिवशी परस्परविरोधी सूचना पाठवत राहिले आणि सातव्या फेरीत मजकूर पहिल्या मसुद्याजवळ येऊन थांबला. आता मी दोनच फेऱ्या ठरवते आणि सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्र, लेखी घेते. शिवाय अंतिम मजकूर हाती आल्याशिवाय डिझाइन सुरू करू नये, कारण चार ओळी वाढल्या की अक्षरे लहान करण्यावाचून डिझायनरपुढे पर्याय उरत नाही.

एक डिझायनर
पैसे वेळेवर मिळत नाहीत, हाही अनुभव इथे नोंदवतो. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी काम हाती घेत नाही.

धागालेखिका
आपला मुद्दा रास्त आहे, परंतु माझा प्रश्न निवडीचा होता. या वेळी मी दोघांना एकाच जुन्या लेबलची मागची बाजू नव्याने मांडण्याचे छोटे काम मोबदला देऊन दिले. एकाचे काम अधिक देखणे होते; दुसरीने मात्र सुरुवातीलाच लेबल कशावर चिकटणार, कापण्याची रेघ कुठे येणार आणि छापखाना कडेबाहेर रंग किती मागतो, हे विचारले. मी तिलाच निवडले. तीन मिलिमीटर हे उत्तर मला छापखान्यात विचारून द्यावे लागले.

छपाईपूर्व कामातला एक जण
निवड योग्य वाटते. खुली मूळ फाइल आणि फाँटचा परवाना कोणाकडे राहणार, हे ठरले आहे का?

धागालेखिका
परवाना मी घेणार आहे. मूळ फाइलचे ती वेगळे पैसे मागते आहे आणि ते द्यावेत की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही.