प्रदर्शनात ओळख झाली, आता पुढे काय: मेल, फोन की पंधरा मिनिटांचा कॉल?

लेथवाला
भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. शनिवारी चिंचवडला मशिनरीच्या प्रदर्शनात व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीचे सोर्सिंग इंजिनिअर भेटले. स्टॉलवर उभ्याउभ्याच बोलणं झालं, पण छान झालं. त्यांच्या एसएस ३१६ च्या स्पिंडलला आडवं भोक आहे. त्याच्या कडेला धातूची बारीक धार, म्हणजे बर, राहते, असेंब्लीत ओ-रिंग कापली जाते आणि व्हॉल्व्ह गळतो. सध्याच्या पुरवठादाराला त्यांनी चार शब्द सुनावले, मला कार्ड दिलं, "टच में रहो" म्हणाले. आता बाबा म्हणतात सरळ फोन लाव. माझा विचार आहे कंपनी प्रोफाइल जोडून मेल करायचा आणि छोटा कॉल मागायचा. काय करावं?

रोखठोक
बाबांचं ऐका. मेल कोण वाचतं हो? प्रदर्शनाहून परतलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये "आपल्याला भेटून आनंद झाला"चा ढीग पडलेला असतो. आणि कॉलसाठी परवानगी मागणं तर मला कळतच नाही. कार्डावर मोबाइल नंबर छापलाय तो कशासाठी? चोवीस तासांच्या आत फोन करायचा, भेटीची वेळ घ्यायची, पेढे नाही पण नमुना घेऊन जायचं. धंदा असाच होतो.

खरेदीतला माणूस
मी बरीच वर्षं खरेदी विभागात काढली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहितो.

रोखठोक म्हणतात ते निम्मं खरं आहे. "भेटून आनंद झाला, प्रोफाइल जोडलं आहे" असा मेल मी उघडायचोही नाही, कारण त्यात मला करण्यासारखं काही नसायचं. पण अनोळखी नंबरचा फोन तर त्याहून वाईट. सकाळी लाइन थांबलेली, स्टोअरवाला डोक्यावर उभा, आणि फोनवर "सर, पहचाना? शनिवारी भेटलो होतो". नाही ओळखलं. दिवसभरात किती जणांशी बोललो त्याचा मलाच हिशोब नसतो. अशा वेळी "हां हां, प्रोफाइल भेज दो" एवढंच तोंडातून निघतं, आणि पुन्हा गाडी प्रोफाइलवरच येते.

म्हणून मेलच करा, पण त्यात भेट नाही, बोलणं आठवून द्या. विषयाच्या ओळीतच भाग आणि अडचण यायला हवी: "एसएस ३१६ स्पिंडल, आडव्या भोकाची बर, शनिवारचं बोलणं". हे वाचल्यावर चेहरा आठवला नाही तरी अडचण आठवते, कारण ती त्यांची रोजची आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. तुमचा मेल त्या इंजिनिअरपाशी थांबणार नाही. बरा वाटला तर ते तो क्वालिटीला आणि व्हेंडर डेव्हलपमेंटला पुढे पाठवतील, आणि पाठवताना वरचा मजकूर कोणी पुसत नाही. तेव्हा "तुमचा सध्याचा पुरवठादार खराब माल देतो असं तुम्ही म्हणालात" हे वाक्य चुकूनही नको. स्टॉलवर चहा पिताना बोललेलं लेखी आलं की माणूस अडचणीत येतो. कदाचित त्या पुरवठादाराला त्यांच्याच साहेबांनी आणलेला असेल. मग असा मेल पुढे जात नाही आणि उत्तरही येत नाही. तुम्हाला वाटतं मेल वाचलाच नाही. वाचलेला असतो.

अनघा, बंगळूर
मेलशी सहमत. फक्त दोन-तीन वेळा विचारत बसण्यापेक्षा कॅलेंडरची लिंक टाका. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये सगळे तेच करतात. समोरचा मोकळी वेळ निवडतो, आमंत्रण आपोआप जातं. मी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटलेल्या एका सिनिअरना असाच मेसेज केला होता. त्यांच्या टीमच्या कामाबद्दल जे बोलणं झालं त्यातला एक प्रश्न आणि खाली लिंक. दुसऱ्या दिवशी वेळ ठरली, पुढे रेफरलही मिळाला.

खरेदीतला माणूस
अनघाताई, तुमच्याकडे चालत असेल. कारखान्यात खरेदीवाल्याला लिंक पाठवली तर "माझ्या वेळापत्रकात तुम्ही जागा शोधा" असं वाटतं, आणि विकायला तर आपण निघालोय. शिवाय अनेक कंपन्यांत बाहेरच्या लिंक उघडतच नाहीत. दोन ठरलेल्या वेळा द्याव्यात: बुधवार साडेचार किंवा गुरुवार अकरा. सोयीची असेल तर "बुधवार ओके" एवढं टाइप करून माणूस मोकळा होतो. "तुमच्या सोयीने कधीही" लिहिलंत तर विचार करायचं काम त्याच्यावर पडतं आणि मेल खाली सरकत जातो.

अनघा, बंगळूर
वेळा दिल्या आणि दोन्ही गैरसोयीच्या निघाल्या तर? पुन्हा मेलामेली. लिंक उद्धट वाटते हा पिढीचा प्रश्न आहे असं मला अजूनही वाटतं.

सह्याद्री८२
उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी, आयएसओ हे सगळं एका पीडीएफमध्ये जोडायला विसरू नका. आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर आधी ती करा, त्याशिवाय बरीचशी सरकारी टेंडरं मिळत नाहीत.

लेथवाला
सह्याद्रीदादा, टेंडर नाहीये हो, खासगी कंपनी आहे. पण कागद तयार ठेवतो.

मसुदा लिहिलाय. प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल, इथे मराठीत टाकतो:

"नमस्कार सर, शनिवारी आमच्या स्टॉलवर आपली भेट झाली, खूप आनंद वाटला. आमची कंपनी गेली १८ वर्षे अचूक टर्निंगच्या क्षेत्रात कार्यरत आहे. आपल्या स्पिंडलच्या बरच्या अडचणीवर आमच्याकडे खात्रीशीर उपाय आहे. कृपया ड्रॉइंग पाठवावे, त्वरित कोटेशन देऊ. तसेच १५ मिनिटांच्या कॉलसाठी वेळ द्यावी, ही विनंती. प्रोफाइल सोबत जोडले आहे."

रोखठोक
यात फोन केलेला काय वाईट होता?

खरेदीतला माणूस
यात तीन मागण्या आहेत: ड्रॉइंग, कोटेशनला होकार आणि कॉल. एकच ठेवा. ड्रॉइंग तर मागूच नका. गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय ते बाहेर देता येत नाही अशी कित्येक ठिकाणी पद्धत असते, मग "नाही" म्हणण्यापेक्षा गप्प बसणं सोपं पडतं. तुमच्या बाबतीत कॉल मागणं योग्य आहे ते याच कारणाने: ड्रॉइंग न पाहताही विचारता येतील असे प्रश्न तुमच्याकडे आहेत.

"खात्रीशीर उपाय" काढून टाका. भाग पाहिलेला नसताना खात्री कसली? क्वालिटीवाला तिथेच वाचणं थांबवेल. १८ वर्षांचं वाक्य खाली सहीत जाऊ दे.

मी असं लिहीन:

"नमस्कार सर. शनिवारी चिंचवडच्या प्रदर्शनात एसएस ३१६ स्पिंडलच्या आडव्या भोकाबद्दल आपण बोललो होतो. बरमुळे असेंब्लीत ओ-रिंग कापली जाते असं आपण सांगितलंत. अशा भागात आम्ही भोक आधी पाडून बाहेरचा शेवटचा फिनिश कट नंतर घेतो आणि भोकाची कड स्प्रिंगच्या डीबरिंग टूलने मशिनवरच मोडतो. आपल्या भागाला हे लागू पडेल का, ते भोकाचा व्यास, कडेला किती चॅम्फर चालतो आणि तपासणी कशी होते यावर अवलंबून आहे. एवढ्या तीन प्रश्नांसाठी १५ मिनिटांचा कॉल करता येईल का? बुधवारी ४.३० किंवा गुरुवारी ११ ला मी मोकळा आहे. क्वालिटीचे कोणी सोबत असतील तर उत्तमच."

यात पुरवठादाराचा उल्लेख कुठेही नाही, अडचण मात्र पूर्ण आहे. कॉलमध्ये काय होणार हे आधीच दिसतं, म्हणून पंधरा मिनिटं खरी वाटतात. नुसता "छोटा कॉल" म्हटलं की अनुभवी माणूस पाऊण तासाचं प्रेझेंटेशन गृहीत धरतो. प्रोफाइल नको. मागितलं तर द्या.

रोखठोक
आणि तुमची पद्धत फुकटात सांगून टाकायची? तो हाच मेल जुन्या पुरवठादाराला पाठवेल, "बघ, असं कर" म्हणून. वर तुम्हीच म्हणता मेल फिरतो. मग?

खरेदीतला माणूस
हा मुद्दा खोटा नाही. असं होतं. पण भोक आधी की फिनिश कट आधी, हे लेथवर काम करणाऱ्याला नवीन नाही. टूल कुठलं, फीड किती, आयुष्य किती भागांचं, हे मात्र लिहू नका. ती तुमची कमाई आहे, ती कॉलवरही जपूनच. रेघ नेमकी कुठे ओढायची यावर माझं आणि तुमचं जमणार नाही बहुधा.

स्टुटगार्टकर
परदेशी ग्राहक असेल तर एक गोष्ट. वेळ लिहिताना कोणाची ते लिहा. भारत जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं बदलतात. ऑक्टोबरअखेर आधी ठरलेले कॉल हमखास तासाने चुकतात. भारतीय माणूस नेहमीच्या वेळेला येऊन बसतो आणि इकडचा तासाने येतो. कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं की हा घोळ टळतो. आणि इथे व्हॉट्सॲपवर धंद्याचा पहिला मेसेज अजिबात नको.

लेथवाला
मग व्हॉट्सॲप इथेही नको का? कार्डावर नंबर आहेच.

खरेदीतला माणूस
आपल्याकडे चालतं, पण एकच ओळ: "सर, स्पिंडलच्या विषयावर मेल केला आहे", खाली वर्कशॉपचं नाव. अख्खा मजकूर तिथे नको, तो पुढच्या विभागात नीट जात नाही. मेल सोमवारी सकाळी नको, मंगळवारी पाठवा. चोवीस तासांचा नियम मी मानत नाही, पण आठवडा उलटू देऊ नका. महिनाअखेर असेल तर ते चार दिवस सोडा, तेव्हा सगळे बिलांत अडकलेले असतात.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा, त्याच मेलच्या साखळीत. "आठवण म्हणून" नाही, काहीतरी नवीन घेऊन. तशाच एखाद्या नमुन्याच्या भोकाच्या कडेचा भिंगाखालचा फोटो चालेल. दुसऱ्या ग्राहकाचा भाग मात्र दाखवू नका, आपल्याच एसएसच्या तुकड्यावर भोक पाडून फोटो काढा. त्यानंतर थांबा.

रोखठोक
दोन मेलनंतर थांबायचं? मी तर तिसऱ्या वेळी गेटवर उभा राहतो आणि ऑर्डर घेऊन येतो. प्रत्येकाचा स्वभाव.

लेथवाला
मंगळवारी खरेदीवाल्या दादांचा मजकूर जवळजवळ तसाच पाठवला. "वर्षे कार्यरत" बाबांनी सहीत घालायला लावलं. दुपारी उत्तर आलं: "गुरुवार ११, क्वालिटी जॉइन करेल. अंदाजे रेट काय बसेल?" आता दोन प्रश्न. रेट सांगायचा का? आणि बाबा म्हणतात कॉलवर मीही बसणार.

रोखठोक
रेट सांगा! विचारतोय म्हणजे घ्यायचंय. कमी सांगा, पुढे बघू.

खरेदीतला माणूस
ड्रॉइंगशिवाय आकडा देऊ नका. तोंडी सांगितलेला आकडा त्यांच्या शीटमध्ये जातो आणि पुढे कोटेशन वर गेलं की तुम्ही भाव वाढवणारे ठरता. "चॅम्फर आणि तपासणी कळली की गोपनीयतेचा करार करू, ड्रॉइंग आल्यावर दोन दिवसांत कोटेशन देतो" असं सांगा. बाबांना बसू द्या, मशिन त्यांनाच जास्त कळत असणार. फक्त रेटचा प्रश्न निघाला की कोण बोलणार ते आधी ठरवा.

लेथवाला
तेच ठरत नाहीये घरात. बाबांच्या डोक्यात आकडा तयार आहे.