चर्चा : कवितेखाली नुसतं ‘सुधारून द्या’ लिहिलं तर नेमकं काय करायचं?

ओलेती वाट : ही कविता सुधारून द्या.

विहीरीच्या काठावर
दोर झिजुन पडला
पाणी खोल खोल गेले
गाव मुंबईला निघाला

रहाटाची कुरकुर
आता कानात राहिली
तिच्या आठवणीने मन दाटे
बादली कुणी पाहिली

खडूफळा : यात विचारण्यासारखं काही नाही. ‘विहिरीच्या’ हवं, ‘झिजून’ हवं. चौथी ओळ लांबली आहे, सातवी त्याहून लांबली आहे. दोन्ही छाटा, झालं. जाणकाराला चूक दिसते, ती त्याने काढावी. कवीला प्रश्न विचारत बसलं की तो बिचारा गोंधळतो.

रानजाई : शुद्धलेखनाला हात लावू नका. कवितेत ऱ्हस्व-दीर्घाची सूट असते, साहित्य महामंडळाच्या नियमांतही ती दिलेली आहे.

शाईदौत : रानजाई, सूट आहे, पण ती वृत्त सांभाळताना अडचण आली तर. ही रचना अष्टाक्षरी आहे. इथे अक्षरं मोजतात, मात्रा नाही. ‘विहीरीच्या’ लिहा किंवा ‘विहिरीच्या’, अक्षरं चारच. म्हणजे दीर्घ ‘ही’ला इथे वृत्ताचं कारण नाही, ती साधी चूक आहे. हीच ओळ भुजंगप्रयातात असती तर एक वेलांटी बदलल्याने गुरूचा लघू झाला असता आणि मग कवीला विचारल्याशिवाय ती बदलता आली नसती.

खडूफळा, तुमच्या पहिल्या दोन दुरुस्त्या मान्य. त्यांनी अर्थ हलत नाही, म्हणून त्या न विचारता कराव्यात. पण ‘छाटा’ म्हणालात तिथून वेगळं काम सुरू होतं. चौथी ओळ घ्या. गा-व-मुं-ब-ई-ला-नि-घा-ला, नऊ अक्षरं. एक कमी करायचं. शिवाय दुसऱ्या ओळीतल्या ‘पडला’शी ‘निघाला’चं यमक फक्त ‘ला’वर टेकलं आहे, तेही सुधारायचं का? करून बघा :

‘गाव शहरी दडला’. आठ अक्षरं, यमक पक्कं. पण मुंबई गेली, आणि गाव लपून बसल्यासारखा झाला.
‘गाव मुंबईला गेला’. आठ अक्षरं, मुंबई राहिली, यमक कच्चंच.
‘गाव मुंबईने नेला’. आठ अक्षरं, पण आता गाव स्वतःहून निघत नाही, मुंबई त्याला उचलून नेते. हा वेगळा आरोप आहे.

यापुढे वाट नाही, कारण ‘मुंबई’ची तीन, प्रत्ययाचं एक, ‘गाव’ची दोन अशी सहा अक्षरं आधीच खर्च होतात. उरतात दोन. ‘पडला’शी पक्कं यमक जुळवणारा शब्द किमान तीन अक्षरांचा लागतो. गाव, मुंबई आणि यमक यांपैकी एक सोडावं लागणारच. कोणतं सोडायचं हे कवीशिवाय कोण सांगणार?

खडूफळा : दुसरी ओळ बदला की! ‘दोर झिजूनिया मेला’, आठ अक्षरं. खाली ‘गाव मुंबईला गेला’. मेला-गेला, यमक चोख.

शाईदौत : गणित बरोबर. पण बाकी कविता साध्या बोलीत चालली आहे. ‘झिजूनिया’ आलं की ती एकदम जुन्या पोथीतली वाटते, आणि दोर ‘मेला’ म्हटलं की जिथे कवयित्रीने आवाज चढवला नव्हता तिथे आपण चढवतो. एका ओळीचं काम करताना दुसरी चांगली ओळ बिघडली. ‘सगळं सुधारा’ म्हटलं की नेमकं हेच होतं.

पाचवा सूर : चालीत बसवायची असेल तर ध्रुवपद लागेल. पहिली ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत आणा आणि आणखी दोन कडवी वाढवा. आमच्या भजनी मंडळातल्या रचनांना मी असंच करतो, लोकांना लगेच पाठ होतात.

रानजाई : गायची आहे असं कुठे लिहिलंय? मला वाटतं अक्षरांचा हट्टच सोडावा. मुक्तछंद करा, चौथ्या ओळीचा प्रश्नच मिटेल.

शाईदौत : आठपैकी सहा ओळी मोजून आठ अक्षरांच्या आहेत. इतकं योगायोगाने होत नाही, तेव्हा छंद मोडायचा का हेही आधी विचारायला हवं. एका शब्दातून इथे निदान चार मागण्या निघाल्या आहेत : लेखन शुद्ध करा, छंद बसवा, शब्द बदला, गाणं करा. पाचवीवर ‘छाटा’पलीकडे कोणी काही बोललेलं नाही, ती म्हणजे सातवी ओळ.

तिथे अक्षरं अकरा. ‘आठवणी दाटतात’ केलं की आठ होतात, पण ओळ होती तितकीच कमकुवत राहते. मन दाटतं हे ती सांगते, दाखवत काही नाही, आणि तिच्या आजूबाजूला मात्र दोर, रहाट, बादली अशा हाताला लागणाऱ्या वस्तू आहेत. शिवाय ‘तिच्या’ म्हणजे कुणाच्या? व्याकरणाने पाहिलं तर ‘कुरकुर’च्या. मनात माणूस असेल तर तो ओळीत आलेला नाही. इथे मी माझी प्रतिमा घातली तर ओळ कदाचित छान होईल, पण ती माझी होईल.

ओलेती वाट, तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात तर काम नीट होईल. कोणत्या ओळी उघडायच्या. काय अजिबात बदलायचं नाही. छंद ठेवायचा की सोडायचा. आणि दुरुस्त ओळ हवी की फक्त खूण करून कारण सांगायचं.

माठपाणी : एक वेगळा मुद्दा. रहाट म्हटला की पोहरा आला, बादली खटकते.

खडूफळा : ‘पोहरा कुणी पाहिला’ केलं की ‘राहिली’शी यमक तुटतं. आणि रहाटावर बादलीही लावतात, त्यात चूक नाही.

ओलेती वाट : उघडायच्या ओळी चौथी आणि सातवी. शुद्धलेखन करून टाका. मुंबई आणि बादली ठेवायची. अष्टाक्षरीच हवी. नवी ओळ लिहून देऊ नका, कुठे अडतंय ते सांगा. ‘तिच्या’ म्हणजे आजीच्या. ती ओळ मी अशी केली आहे :

आजीच्या हातची तीच
बादली कुणी पाहिली

शाईदौत : आठ अक्षरं, आठवी ओळ जशीच्या तशी, आणि आता ‘कुणी पाहिली’ हा प्रश्न खरोखर कुणालातरी विचारल्यासारखा वाटतो. माणूसही आला. इथे मला काही अडत नाही.

ओलेती वाट : चौथीत यमक सोडते. ‘नेला’ नको, गाव आपणहून गेला. म्हणून ‘गाव मुंबईला गेला’.

खडूफळा : मग वरच्या ओळीतलं ‘गेले’ आणि खालचं ‘गेला’ एकाखाली एक येतात. एकच क्रियापद लागोपाठ म्हणजे शब्द सुचला नाही असं वाचकाला वाटतं. तिसरी ओळही उघडा. ‘पाणी खोल आटलेले’ घेता येईल.

रानजाई : उलट तीच जागा भक्कम झाली आहे. पाणी गेले, गाव गेला. आधी एक, मग त्याच्यामागे दुसरं. ‘आटलेले’ केलं की पाणी जागेवरच संपतं आणि गावाशी असलेला धागा तुटतो.

शाईदौत : मी रानजाईंच्या बाजूने आहे, पण खडूफळांची हरकत मोठ्याने वाचताना खरी ठरू शकते. तिसरी ओळ उघडायच्या यादीत नाही, ती उघडायची का हे ओलेती वाट यांनीच सांगायचं.