अनुभव धागा: ऑर्डर खरंच पडल्या, की अलर्ट उगाच बोंबलला?

निशाचर
मंडळी, काल रात्री ३:१०, ३:४५ आणि ४:२० ला फोन वाजला. तिन्ही वेळा एकच मेसेज, "ऑर्डर ५०% नी घसरल्या". तिन्ही वेळा उठून लॅपटॉप उघडला, सगळं ठणठणीत. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी न बघताच ॲकनॉलेज करून झोपलो, आणि खरं सांगायचं तर धागा काढायचं कारण तेच, कारण चौथा खरा असता तर? नियम साधा आहे: ५ मिनिटांच्या ऑर्डर मोजायच्या, मागच्या आठवड्यात त्याच वेळी होत्या त्याच्या निम्म्याहून कमी असतील तर वाजवायचं. दुपारी ५ मिनिटांत साधारण ४०० येतात, पहाटे ९ च्या आसपास. तुम्ही कुठे काय थ्रेशोल्ड लावलात, कुठे तोंडावर पडलात, सगळं लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर जास्त चांगलं.

गोगलगाय
आमच्याकडेही गेल्या महिन्यापासून ऑर्डर हळूहळू कमी होतायत, जाहिरातीचं बजेट कमी केलं म्हणून असेल का? कुठला अलर्ट लावू?

निशाचर
@गोगलगाय ते वेगळं दुखणं आहे हो. महिनाभरात उतरणारी गोष्ट सकाळी चहा पिता पिता रिपोर्टमध्ये बघायची, त्यासाठी कुणाला झोपेतून उठवायचं नाही. इथे आपण दहा-पंधरा मिनिटांत धपकन पडणाऱ्याबद्दल बोलतोय.

बेरीज_वजाबाकी
तुझ्या रात्रीच्या आकड्यातच उत्तर आहे. सरासरी ९ असेल तर ४ किंवा त्याहून कमी येणं ही काही भानगड नाही, निव्वळ योगायोगाने साधारण दर १८ खिडक्यांमागे एकदा ते होणारच. तासात १२ खिडक्या, म्हणजे दर दीड तासाला एक खोटा कॉल, रात्री १ ते ५ मध्ये दोन-तीन. म्हणजे तुझा अलर्ट बिघडलेला नाहीये, तू सांगितलंस तेच इमानेइतबारे करतोय बिचारा.

ऑर्डर एकमेकींपासून स्वतंत्र येत असतील तर आकड्याचं नैसर्गिक हलणं साधारण त्याच्या वर्गमूळाएवढं असतं. ९ चं ३, म्हणजे तिसरा हिस्सा इकडेतिकडे. ४०० चं २०, म्हणजे फक्त ५ टक्के. मग दोन्हीला ५०% एकच कसं चालेल? रात्री ते फार कडक आहे आणि दुपारी फार ढिलं, दुपारी ४०० चे २५० झाले तर घरात आग लागलीय समजायचं, पण तुझा अलर्ट गप्प बसेल कारण निम्मे झाले नाहीत ना अजून!

मी टक्का बदलत बसलो नाही, खिडकी बदलली. अपेक्षित आकडा ५० च्या वर जाईल एवढी लांब खिडकी घ्यायची. तुझ्याकडे पहाटे ३० मिनिटं घेतलीस तर अपेक्षित ५४, हलणं ७ च्या आसपास, आणि निम्मं म्हणजे २७ पर्यंत नुसत्या नशिबाने जवळपास कधीच जाणार नाही. दुपारी ५ मिनिटंच ठेव आणि टक्का ५० वरून २५ वर आण.

ढोबळमानाने
एवढं कशाला, सरळ ३ सिग्मा लावा. महिन्यातून एखादा खोटा वाजेल.

बेरीज_वजाबाकी
महिन्यातून नाही रे. दिवसात ५ मिनिटांच्या २८८ खिडक्या, प्रत्येकीत खालच्या बाजूला चुकून वाजायची शक्यता हजारात १.३५, म्हणजे आठवड्याला दोन-तीन. ते एका आलेखाचं, तू शहरवार, पेमेंटवार, ॲपवार असे २० आलेख केलेस की दिवसाला सात-आठ. आणि हे सगळं ऑर्डर स्वतंत्र येतात असं धरून. प्रत्यक्षात त्या झुंडीने येतात, नोटिफिकेशन गेलं की उसळी आणि उसळीनंतर खड्डा. त्यामुळे वर्गमूळ हा कमीत कमी आकडा समज, खरं हलणं आपल्याच जुन्या आकड्यांवरून मोजायचं. आमचं वर्गमूळाच्या जवळपास अडीच पट निघालं होतं.

ढोबळमानाने
बरं, झुंडीचं मान्य. पण सिग्माची कल्पना चुकीची नाही एवढं तरी म्हण.

रात्रपाळी_नको
पण रात्री ३० मिनिटांची खिडकी म्हणजे साइट पूर्ण झोपली तरी १५ मिनिटं कळणार नाही ना? आमचे मॅनेजर ऐकणार नाहीत, त्यांना "५ मिनिटांत कळलं पाहिजे" एवढंच पाठ आहे.

बेरीज_वजाबाकी
त्यांच्यापुढे मिनिटं ठेवूच नका, बुडालेल्या ऑर्डर ठेवा. पहाटे १५ मिनिटं उशीर म्हणजे २७ ऑर्डर, दुपारी ५ मिनिटं उशीर म्हणजे ४००. माझ्याकडे या एका वाक्यावर मीटिंग संपली.

जुनी_जखम
मी मागच्या आठवड्याशी तुलना या भागात मार खाल्लाय म्हणून तेवढंच लिहितो. मंगळवारी रात्री ८ ते ८:३० या वेळेत आधीच्या चार आठवड्यांचे आकडे ६१२, ५९०, १४८०, ६०४. तो १४८० सेलचा. आम्ही आधी फक्त मागचा आठवडा बघायचो, त्यामुळे सेलनंतरच्या मंगळवारी दिवसभर अलर्ट बोंबलत होता. मग शहाणपणा करून चार आठवड्यांची सरासरी घेतली, ती आली ८२१, २५% घसरण म्हणजे ६१६ च्या खाली वाजणार, आणि त्या मंगळवारी आले ५८०, म्हणजे अगदी नॉर्मल, तरी वाजला. शेवटी मधला आकडा घेतला, चौघांतल्या मधल्या दोघांची सरासरी, ६०८. त्याच्या २५% खाली ४५६. ५८० ला आवाज नाही. तेव्हापासून मीडियनच.

याची उलटी बाजू जास्त वाईट आहे. मागच्या आठवड्यात त्याच वेळी साइट पडली असेल आणि तुम्ही तेवढ्याशीच तुलना करत असाल, तर या आठवड्यात पुन्हा पडली तरी अलर्ट म्हणेल छान चाललंय. आमच्याकडे दर आठवड्याला एकाच वेळी चालणारा एक जॉब डेटाबेस अडकवायचा. पहिल्यांदा कळलं. दुसऱ्यांदा कस्टमर केअरने फोन करून सांगितलं 😐

शून्याचा_शोध
प्रोमेथिअसवाल्यांनी हे बघा. आमचा नियम असा होता:

```
sum(increase(orders_total[30m]))
  < 0.5 * sum(increase(orders_total[30m] offset 1w))
```

एकदा ऑर्डर सर्व्हिसच्या सगळ्या प्रती एकदम गेल्या. सुमारे पंधरा मिनिटांनी अलर्ट वाजला, मी जिन्यात होतो, वर येईपर्यंत आणखी थोड्या वेळाने "रिझॉल्व्ड" असा मेसेज आला. मी म्हटलं वा, आपोआप बरं झालं, आणि परत खाली गेलो. बरं काहीच झालं नव्हतं! ३० मिनिटं उलटल्यावर खिडकीत एकही सॅम्पल उरलं नाही, मग डावी बाजू शून्य न होता रिकामी झाली, आणि रिकाम्याची तुलना कशाशीच होत नाही, त्यामुळे अलर्ट मिटला. आता असं आहे:

```
(sum(increase(orders_total[30m])) or vector(0))
  < 0.5 * sum(increase(orders_total[30m] offset 1w))
```

"डेटा नाही" आणि "ऑर्डर नाही" यात फरक आहे हे मला ४० मिनिटांच्या ऑर्डर घालवून कळलं. हल्ली रिझॉल्व्ड आलं तरी आलेख उघडून बघितल्याशिवाय जागा सोडत नाही. (तुलना मागच्या आठवड्याशीच आहे हे माहितीये, जुनी_जखम ओरडू नका, मीडियनचं काम चालू आहे.)

एकटीच_सगळं
माझं दुकान छोटं आहे, तासाला सरासरी ६ ऑर्डर. ५० ची खिडकी करायची तर मला आठ तास थांबावं लागेल 😂 माझ्यासाठी काही आहे का?

बेरीज_वजाबाकी
@एकटीच_सगळं तुम्ही आकडा मोजूच नका, शेवटच्या ऑर्डरला किती वेळ झाला ते बघा. सरासरी अंतर १० मिनिटं. ६० मिनिटं शुकशुकाट असेल तर वाजव असं ठेवलंत तर साधारण तीन दिवसांतून एकदा उगाच वाजेल. ९० केलंत तर दोन महिन्यांतून एकदा. मात्र हे तासाला ६ दिवसभर सारखेच असतील तरच. रात्री तासाला २ वर येत असतील तर रात्रीसाठी हाच हिशेब वेगळा करावा लागेल.

एकटीच_सगळं
रात्री १ सुद्धा येत नाही. रात्रीचा बंदच ठेवते मग, सकाळी ९ ते रात्री १० लावते. ९० वर.

पेमेंटवाली
तुम्ही सगळे एकूण ऑर्डरवर बोलताय, पण मला सगळ्यात महागात पडलेला प्रकार एकूण आकड्यात दिसलाच नव्हता. आमच्या एका पेमेंट पर्यायाने १२% ऑर्डर येतात, तो एका दुपारी मेला. बरीच लोकं वैतागून दुसऱ्या पर्यायाने पैसे भरून मोकळी झाली, त्यामुळे एकूण घसरण ७% च्या आसपास. ७ टक्क्याला अलर्ट लावला तर रोज वाजेल. तीन तासांनी कळलं.

आता प्रत्येक पर्यायासाठी गुणोत्तर बघतो, पेमेंट सुरू किती झाले आणि त्यातले यशस्वी किती. नेहमी ८८% च्या आसपास असतं, त्या दिवशी मागे जाऊन बघितलं तर २०% वर होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. गंमत म्हणजे सेल असो, सुट्टी असो, हे फारसं हलत नाही, त्यामुळे मागच्या आठवड्याचं लफडंच नाही.

जुनी_जखम
पण गुणोत्तरावरच विसंबू नका. आमच्या ॲपच्या एका नव्या व्हर्जनमध्ये छोट्या स्क्रीनवर कीबोर्डखाली "पैसे भरा" बटण दबलं होतं. पेमेंट सुरूच होत नव्हतं तर फेल कुठून होणार, गुणोत्तर चकाचक. ते पकडलं आकड्यानेच.

पेमेंटवाली
हो, दोन्ही लागतात, ते मान्य. मी आकडा काढला नाहीये.

रात्रपाळी_नको
सेलच्या दिवशी काय करता? आम्ही अलर्ट म्यूट करायचो. एकदा म्यूट काढायला विसरलो, ९ दिवस. नवव्या दिवशी खरंच पडलं 🙏

शून्याचा_शोध
आम्ही सेलला आधीच्या ३० मिनिटांशी तुलना करतो.

जुनी_जखम
सेल संपतो त्या क्षणी काय होतं तुमचं?

शून्याचा_शोध
वाजतो. तेव्हा सगळे जागेच असतात म्हणून चालवून घेतो.

निशाचर
दोन दिवसांनी परत आलो. नवा नियम (रात्री ३० मिनिटं आणि निम्मं, दिवसा ५ मिनिटं आणि २५%, चार आठवड्यांचं मीडियन) लावण्याआधी मागच्या ८ आठवड्यांच्या डेटावर चालवून बघितला. जुना नियम १४१ वेळा वाजला असता. नवा ६ वेळा. त्या ६ पैकी ४ खरे घोळ होते, एक सुट्टीचा दिवस, आणि एक पहाटेचा अजून कळलेला नाही, लॉगमध्ये काहीच सापडत नाही. या काळात खरे घोळ ५ होते, पाचवा सुटला. पेमेंटवालींचाच प्रकार होता, एकच पर्याय मेलेला. त्यामुळे आज गुणोत्तराचा अलर्ट लिहितोय, पण आमच्याकडे "पेमेंट सुरू" हा इव्हेंट रीट्रायला परत मोजला जातो, म्हणजे नॉर्मललाच ६० च्या घरात दिसतंय. कुणी हे ऑर्डर आयडीवर एकदाच मोजून केलंय का?

पेमेंटवाली
केलंय. ऑर्डर आयडीवरच कर, पण एकाच ऑर्डरमध्ये लोकं पर्याय बदलतात, मग पहिल्या पर्यायाचं फेल कुठे धरायचं ते आधी ठरव. आम्ही ऑर्डर आयडी आणि पर्याय अशी जोडी मोजतो. संध्याकाळी क्वेरी टाकते.